लोकर व रेशीम यांना शेवटचे पाणी आंबट का हवे?

पुणे, सातारा, सांगली व सोलापूर या जिल्ह्यांच्या कोरडवाहू भागांत दख्खनी मेंढ्यांची लोकर वर्षातून दोनदा कातरली जाते. कातरलेली लोकर धुऊन, पिंजून व कातून तिची घोंगडी विणली जातात. या कामात लोकरीचे जे नुकसान होते, त्याचा बराच भाग कातरताना किंवा विणताना होत नसून धुताना होतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. घरातील धोतरे, चादरी व साड्या ज्या रीतीने धुतल्या जातात त्याच रीतीने, म्हणजे कढत पाण्यात धुण्याचा सोडा टाकून, लोकरही धुतली जाते. सुती कापड या धुण्यातून स्वच्छ व शाबूत बाहेर पडते. लोकर मात्र पिवळी पडते, चरबरीत होते व तिचा गोळा बनतो. अशी लोकर पिंजताना तुटते आणि कातताना सुताला एकसारखेपणा येत नाही.

सोडा तोच, पाणी तेच आणि धुणारे हातही तेच असताना कापसाला जे मानवते ते लोकरीला व रेशमाला का मानवत नाही, याचा या लेखात विचार केला आहे. त्यानंतर एक किलो लोकर धुण्याची रीत प्रमाणांसह दिली आहे. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांना ती गावात प्रात्यक्षिक म्हणून करून दाखविता येईल.

सामू आणि धुण्याचे पाणी

माती परीक्षणाच्या अहवालामुळे ‘सामू’ हा शब्द शेतकऱ्यांच्या परिचयाचा झाला आहे. सामू ७ असेल तर माती उदासीन, ७ पेक्षा कमी असेल तर आम्लधर्मी म्हणजे आंबट, आणि ७ पेक्षा जास्त असेल तर अल्कधर्मी म्हणजे खारट-बुळबुळीत गुणाची समजावी. हीच मोजपट्टी पाण्यालाही लागू पडते. लिंबाचा रस व शिरका यांचा सामू २ ते ३ च्या आसपास असतो. साबणाच्या पाण्याचा सामू ९ ते १० असतो. धुण्याच्या सोड्याचे शेकडा एक प्रमाणाचे पाणी सुमारे ११ पर्यंत जाते. मोजपट्टीवरील एक पायरी म्हणजे दहापट फरक, हे येथे ध्यानात ठेवावे. म्हणजे सामू ९ आणि सामू ११ यांत दुपटीचा नव्हे, तर शंभरपटीचा फरक आहे. साबणाच्या पाण्यात सुरक्षित राहणारी लोकर सोड्याच्या कढत पाण्यात का बिघडते, याचे उत्तर काही अंशी येथेच मिळते.

बाकीचे उत्तर धाग्याच्या घडणीत आहे.

कापसाची घडण

कापूस ही वनस्पतीची देणगी आहे. त्याचा तंतू जवळजवळ सर्वस्वी सेल्युलोज या पदार्थाचा बनलेला असतो. सेल्युलोज म्हणजे साखरेच्या जातीच्या हजारो लहान कणांची एकापुढे एक गुंफलेली लांब साखळी होय. या साखळीतील कड्या ज्या सांध्यांनी जोडलेल्या असतात, त्या सांध्यांवर अल्काचा फारसा परिणाम होत नाही. अल्काच्या पाण्यात तंतू फुगतो, त्यात अडकलेला मळ व तेल सुटे होते, आणि पाणी काढून टाकताच तंतू पुन्हा पूर्ववत होतो. इंग्लंडमधील जॉन मर्सर याने १८४४ च्या सुमारास तीव्र कॉस्टिक सोड्याचा सुती कापडावर प्रयोग केला, तेव्हा कापड कुजण्याऐवजी अधिक बळकट झाल्याचे त्याला आढळले. ‘मर्सराइज्ड’ म्हणून बाजारात मिळणारे सुती कापड याच क्रियेने तयार होते.

परंतु हेच सांधे आम्लापुढे टिकत नाहीत. ट्रॅक्टरच्या बॅटरीतील पाण्याचे थेंब धोतरावर किंवा विजारीवर उडाले, तर त्या वेळी काहीच दिसत नाही. पुढच्या धुण्यात मात्र नेमकी त्याच ठिकाणी भोके पडतात. हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. बॅटरीच्या पाण्यात गंधकाम्ल असते. त्याने सेल्युलोजच्या साखळीचे सांधे तोडलेले असतात आणि कापड केवळ आकाराने शाबूत असते.

लोकर व रेशीम यांची घडण

लोकर व रेशीम हे प्राणिज तंतू आहेत. ते प्रथिनांचे बनलेले असतात. लोकरीतील प्रथिनास केराटिन म्हणतात. आपली नखे, केस व जनावरांची शिंगेही याच जातीच्या प्रथिनाची असतात. रेशमातील प्रथिनास फायब्रॉइन म्हणतात.

लोकरीच्या तंतूत प्रथिनांच्या लांब साखळ्या शेजारी शेजारी असतात, आणि त्या दोन प्रकारच्या आडव्या बंधांनी एकमेकींस बांधलेल्या असतात. पहिला बंध गंधकाचा आहे. लोकर जाळली असता जळक्या केसांचा जो उग्र वास येतो, त्यात या गंधकाचाही वाटा असतो. हा बंध शिडीच्या पायरीसारखा दोन साखळ्यांना पक्का धरून ठेवतो. कढत अल्कात या पायऱ्या तुटू लागतात. दुसरा बंध मिठाच्या स्वरूपाचा आहे. प्रथिनाच्या साखळीवर काही जागा आम्लगुणी व काही जागा अल्कगुणी असतात. समोरासमोरच्या साखळ्यांवरील अशा विरुद्ध गुणांच्या जागा एकमेकींस ओढून धरतात. ही ओढ सामू ५ च्या आसपास सर्वांत अधिक असते. पाणी त्याहून बरेच अल्कधर्मी झाले की आम्लगुणी जागांना अल्क चिकटते, ओढ सुटते, तंतू फुगतो व दुबळा होतो. पाणी फार आंबट झाले तरी तसेच घडते. यास्तव लोकरीला आंबटपणा हवा, पण तो सौम्य हवा.

यावरून आणखी एक गोष्ट उलगडते. लोकरीला चिकटलेले अल्क साध्या पाण्याने सहजासहजी जात नाही, कारण ते केवळ पाण्यातून भिजलेले नसून तंतूच्या आम्लगुणी जागांनी धरून ठेवलेले असते. शिवाय आपल्या काळ्या दगडाच्या प्रदेशातील विहिरींचे पाणी स्वतःच बहुधा थोडे अल्कधर्मी असते. असे पाणी कितीही वेळा बदलले तरी लोकर सामू ५ पर्यंत उतरणार नाही. शेवटच्या पाण्यात थोडे आम्ल घातले, म्हणजे उरलेले अल्क मारले जाते आणि तंतू आपल्या मूळ घट्टपणास परत येतो.

लोकरीच्या तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे बारीक खवले असतात. तंतू फुगला की ते उभे राहतात. अशा वेळी लोकर चोळली किंवा पिळली तर खवले एकमेकांत अडकतात, लोकरीचा गोळा बनतो आणि मग तो सुटत नाही. घोंगडे धुतल्यावर आखडते ते यामुळेच. सौम्य आम्लाच्या पाण्यात खवले पुन्हा बसतात आणि हाताला मऊपणा लागतो.

रेशमाची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यात गंधकाचे बंध जवळजवळ नसतात. त्याच्या साखळ्या एकमेकींना लागून अतिशय दाट बसलेल्या असतात, आणि त्याची बळकटी त्यातून येते. त्यामुळे अल्कापुढे रेशीम लोकरीपेक्षा थोडे अधिक तग धरते. तथापि कढत सोड्याने त्याची चमक प्रथम जाते व नंतर धागा झिजतो. उलट तीव्र खनिज आम्लापुढे रेशीम लोकरीपेक्षा लवकर हार खाते. शिरका किंवा लिंबू यांच्या सौम्य पाण्याने मात्र रेशमाची चमक खुलते, आणि नव्या रेशमी वस्त्राचा जो सळसळ आवाज येतो तोही अशाच शेवटच्या आंबट पाण्याने येतो.

येथे कोणी विचारील की, भंडारा व गडचिरोलीकडे टसरचे कोश सोडा घालून शिजवितात, ते कसे? कच्च्या रेशमाच्या धाग्यावर सेरिसिन नावाच्या गोंदाचा थर असतो. तो काढल्याशिवाय धागा सुटत नाही. टसरचा गोंद तुतीच्या रेशमापेक्षा चिवट असल्याने तेथे सोडा लागतो. म्हणजे सोड्याचा मारा गोंदावर असतो, रेशमावर नसतो. गोंद संपताच तो मारा थांबविला नाही तर पुढची पाळी रेशमाची येते. वापरातील रेशमी वस्त्रावर गोंद उरलेला नसतो, म्हणून त्याला सोड्याची मुळीच गरज नाही.

एकाच आम्लाची दोन फळे

लोकर व सेल्युलोज यांच्या स्वभावातील विरोध लोकर गिरण्या कामाला लावतात. माळरानावर चरणाऱ्या मेंढ्यांच्या लोकरीत कुसळे, गोखरू व काडीकचरा अडकलेला असतो. तो हाताने पूर्ण निघत नाही. अशी लोकर शेकडा ५ ते ६ प्रमाणाच्या गंधकाम्लात भिजवून, पिळून वाळवितात व नंतर सुमारे १०० अंश सेल्सिअस किंवा थोड्या अधिक उष्णतेवर तापवितात. काडीकचरा सेल्युलोजचा असल्याने तो करपून ठिसूळ होतो व दाबताच त्याची भुकटी होऊन गळून पडते. लोकर मात्र शाबूत राहते. त्यानंतर उरलेले आम्ल सौम्य सोड्याने मारून लोकर धुतात. ही क्रिया गिरणीतच करावयाची आहे, घरी कोणीही करू नये. परंतु कापूस व लोकर यांच्यात आम्लाबाबत किती अंतर आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

एक किलो लोकर धुण्याची रीत

प्रथम लोकर झटकून घ्यावी. शेण-लेंड्यांनी माखलेले पुंजके वेगळे काढावेत. नंतर लोकर २५ लिटर थंड पाण्यात रात्रभर दाबून बुडवून ठेवावी. मेंढीच्या घामातील पोटॅशचे क्षार या पाण्यात विरघळतात व बरीच माती सुटून तळाशी बसते. सकाळी लोकर हलकेच उचलून पाणी निथळू द्यावे. हे पाणी शेणखताच्या ढिगावर टाकल्यास वाया जात नाही.

दुसऱ्या पाण्यासाठी २० लिटर पाणी ४५ ते ५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे. हात घातला असता चटका बसतो, पण क्षणभर हात ठेवता येतो, इतपत ते असावे. त्यात ६० ग्रॅम साबण किसून विरघळवावा. लोकर फार तेलकट असेल तरच २० ग्रॅम धुण्याचा सोडा, म्हणजे लिटरला १ ग्रॅम, घालावा. लोकरीला सोडा मानवत नाही असे वर सांगितले असताना येथे तो का सांगितला, अशी शंका येईल. अपाय हा प्रमाण, उष्णता व वेळ या तिन्हींच्या मेळाने होतो. लिटरला १ ग्रॅम सोडा, ५० अंशांच्या आत व १० मिनिटे, एवढ्याने लोकरीवरील तेल सुटते आणि तंतूचे फारसे बिघडत नाही. हाच सोडा उकळत्या पाण्यात घातला तर त्या १० मिनिटांतही लोकर बिघडू लागते. या पाण्यात लोकर चोळू नये, ढवळू नये, पिळू नये. तळहाताने वर-खाली दाबावी. १० मिनिटांनी काढून चाळणीवर निथळावी.

तिसऱ्या पाण्यात सोडा घालू नये. ४० ते ४५ अंशांच्या २० लिटर पाण्यात ३० ग्रॅम साबण पुरतो. त्यानंतर कोमट साध्या पाण्यातून लोकर किमान दोनदा काढावी. हे साधे पाणी गाळून चालणार नाही, कारण लोकरीत साबण उरला असताना तिला आम्ल लागले तर साबणातील चरबी मोकळी होऊन तंतूवर चिकटते. अशी लोकर वाळल्यावर तेलकट लागते व पुढे तिला वास येतो. साबणाचा फेस पूर्ण जाऊन पाणी निवळ दिसू लागले म्हणजेच शेवटच्या पाण्याकडे जावे. प्रत्येक पाण्याची उष्णता मागच्या पाण्याच्या जवळपास ठेवावी. कढत पाण्यातून एकदम थंड पाण्यात टाकल्यासही लोकर आखडते.

शेवटचे पाणी २० लिटर कोमट घ्यावे. विहिरीचे पाणी जड असेल, म्हणजे त्यात साबणाचा फेस येत नसून पांढरी साय धरत असेल, तर लिटरला १० मिलिलिटर, म्हणजे एकूण २०० मिलिलिटर शिरका घालावा. नदीचे किंवा पावसाचे मऊ पाणी असेल तर निम्मा पुरे, कारण जड पाण्यातील क्षार काही आम्ल स्वतःच खाऊन टाकतात. शिरक्याऐवजी किराणा दुकानातील लिंबूसत्त्व लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे २० लिटरला १० ग्रॅम चालेल. लिंबे घरची असतील तर दोन लिटरला एका मध्यम लिंबाचा रस कपड्याने गाळून घ्यावा. लोकर या पाण्यात १० मिनिटे दाबून ठेवावी, निथळावी, कापडात गुंडाळून दाबून पाणी काढावे व सावलीत पसरून वाळवावी. शिरक्याचा वास वाळताना उडून जातो.

काम नीट झाले की नाही ते कसे ओळखावे?

यासाठी हळदीचा कागद पुरेसा आहे. पांढरा टीपकागद हळदीच्या दाट पाण्यात बुडवून वाळवावा व त्याच्या पट्ट्या कापाव्यात. हळद अल्कात तांबूस-तपकिरी होते. कुंकू तयार करताना हळदीला चुन्याने जो रंग येतो, त्यामागे हेच कारण आहे. धुतलेली लोकर दाबून निघालेला थेंब पट्टीवर पाडावा. पट्टी लोकरीवर मात्र टेकवू नये, लोकरीला डाग पडेल. पट्टी तांबूस झाली तर लोकरीत अजून अल्क आहे, असे समजून लोकर आंबट पाण्यात पुन्हा बुडवावी. पट्टी पिवळी राहिली तर अल्क गेले. आंबटपणा नेमका किती झाला हे हळद सांगू शकत नाही. त्यासाठी माती परीक्षणात वापरतात तशी सामू मोजण्याची रंगपट्टी मिळाल्यास वापरावी. थेंबाचा सामू ४.५ ते ५.५ च्या दरम्यान आला म्हणजे पुरे.

बिघडलेली लोकरही ओळखता येते. ओला तंतू दोन बोटांत बुळबुळीत लागतो व हलक्या ओढीने तुटतो. वाळल्यावर रंग पिवळट व स्पर्श खरखरीत येतो. तुटलेले गंधकाचे बंध आंबट पाण्याने पुन्हा जुळत नाहीत. सबब आंबट पाणी हे उरलेल्या अल्कावरील उपाय आहे, उकळत्या सोड्याने झालेल्या नुकसानीवरील नव्हे.

गावातील प्रात्यक्षिक

एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून त्याचे दोन भाग दोन पातेल्यांत घ्यावेत. ही पातेली ॲल्युमिनियमची नसावीत, कारण सोडा ॲल्युमिनियमला खातो. एकात सुती दोऱ्याची व दुसऱ्यात लोकरीच्या दोऱ्याची लहान लड टाकावी, आणि दोन्ही मंद आचेवर तासभर उकळावीत. त्याच दोऱ्यांच्या दोन लडी न उकळता बाजूस ठेवाव्यात. उकळलेल्या लडी चिमट्याने काढून स्वच्छ धुवाव्यात आणि जमलेल्या लोकांना न उकळलेल्या लडींशेजारी ठेवून ओढून पाहण्यास द्याव्यात. सुती दोरा पूर्वीइतकाच टिकाऊ आढळेल. लोकरीचा दोरा पिवळा व दुबळा झालेला हातालाच कळेल. लोकरीचा दोरा बाजारातून आणताना तो शुद्ध लोकरीचा आहे याची खात्री करावी. त्याचे टोक जाळले असता केस जळाल्याचा वास यावा व कोळसा बोटांत चुरडावा. टोक वितळून कडक मणी झाला तर तो कृत्रिम धागा आहे, आणि त्यावर सोड्याचा असा परिणाम दिसणार नाही.

कापूस व रेशीम यांविषयी दोन सूचना

सुती पांढरे कापड सोड्यात उकळण्यास हरकत नाही. मात्र उकळताना ते पाण्याखाली पूर्ण बुडालेले असावे. वर राहिलेल्या भागावर कढत अल्क व हवा यांचा एकत्र परिणाम होऊन तेथे कापड विरते. सुती कापडाला लिंबू किंवा लिंबूसत्त्व लावून डाग काढला असेल तर ते साध्या पाण्याने पूर्ण काढून टाकावे. ही आम्ले शिरक्याप्रमाणे उडून जात नाहीत. कापडात वाळून राहिली आणि वर गरम इस्त्री फिरली, तर तो भाग कालांतराने फाटतो. रंगीत सुती कापडाचा रंग सोड्यात टिकतो की नाही, हे कोपऱ्यावर पाहून मगच ते टाकावे.

रेशमी वस्त्र कोमट पाण्यात रिठ्याने धुवावे. रिठ्याच्या पाण्याचा गुण साबणासारखा अल्कधर्मी नसून सौम्य आम्लधर्मी असतो. पूर्वापार रेशमासाठी रिठा वापरला जातो, त्याचे शास्त्रीय कारण येथे सापडते. साबण वापरला असेल तर साध्या पाण्याने दोनदा खळबळून शेवटी लिटरला ५ मिलिलिटर शिरका घातलेल्या पाण्यात ५ मिनिटे ठेवावे व न पिळता सावलीत वाळवावे. जरीच्या साडीस मात्र आंबट पाणी लावू नये. जरीत तांबे असल्यास ती काळवंडण्याचा संभव असतो.

ध्यानात ठेवावयाच्या बाबी

१. कापूस सेल्युलोजचा आहे. तो अल्क सोसतो, आम्लाने तुटतो.

२. लोकर व रेशीम प्रथिनांची आहेत. कढत अल्काने ती बिघडतात, सौम्य आम्लात सुरक्षित राहतात.

३. लोकरीसाठी पाणी ५० अंशांच्या वर तापवू नये. सोडा लागलाच तर लिटरला १ ग्रॅमहून अधिक घालू नये.

४. साबण पूर्ण निघाल्यावरच आंबट पाणी द्यावे. लोकरीस जड पाण्यात लिटरला १० व मऊ पाण्यात ५ मिलिलिटर शिरका पुरतो.

५. हळदीची पट्टी पिवळी राहीपर्यंत धुणे पुरे झाले असे समजू नये.